गमबुटांना पडलेली मते

१४ ऑगस्ट २००२ रोजी जर्मनीचे चान्सेलर गेरहार्ड श्र्योडर ग्रिम्मा नावाच्या छोट्या गावात उतरले. गाव सॅक्सनी राज्यातले, मुल्डे नदीच्या काठी वसलेले. आदल्या दिवशी नदी गावातून वाहून गेली होती. रस्त्यांवर गाळ होता, दुकानांच्या काचा फुटल्या होत्या. पायात गमबूट, अंगात पावसाळी जाकीट अशा वेशात चान्सेलर त्या गाळातून चालले, लोकांशी बोलले, आणि ते छायाचित्र देशभर झळकले. मतदानाला तेव्हा साडेपाच आठवडे उरले होते.

त्या क्षणापर्यंत श्र्योडर हरतील असेच बहुतेकांना वाटत होते. आणि तसे वाटायला त्यांनी स्वतःच कारण दिले होते. १९९८ मध्ये सत्तेवर येताना त्यांनी बेरोजगारांची संख्या ३५ लाखांच्या खाली आणण्याचे उद्दिष्ट जाहीर केले होते. ते जमले नाही तर आपण पुन्हा निवडून येण्याच्या लायकीचे नाही, असेही सांगून टाकले होते. एखाद्या राज्यकर्त्याने स्वतःच परीक्षेचा पेपर काढावा आणि उत्तीर्ण होण्याची रेघही स्वतःच आखावी, असा हा दुर्मीळ प्रकार. २००२ च्या उन्हाळ्यात बेरोजगार होते सुमारे ४० लाख. म्हणजे स्वतःच्याच पेपरात नापास.

२२ सप्टेंबरला मतदान झाले. श्र्योडर यांचा सोशल डेमोक्रॅटिक पक्ष आणि विरोधी ख्रिश्चन डेमोक्रॅटिक आघाडी, दोघांनाही ३८.५ टक्के मते पडली. सुमारे ४ कोटी ८० लाख मतांत दोघांमधले अंतर होते ६,०२७ मतांचे. ग्रीन पक्षाच्या साथीने श्र्योडर यांना ६०३ पैकी ३०६ जागा मिळाल्या आणि ते पुन्हा चान्सेलर झाले.

लोक सरकारला कामगिरीवर जोखतात, असे आपण सहज म्हणून जातो. ही निवडणूक त्या वाक्याची चांगली कसोटी आहे. मतदारांनी इथे कामगिरीवरच मत दिले, याबद्दल मला शंका नाही. प्रश्न एवढाच की कोणत्या कामगिरीवर? चार वर्षांच्या रोजगाराच्या, की पाच आठवड्यांच्या मदतीच्या?

मागे वळून पाहून मत देण्याच्या या कल्पनेत मुळात एक शहाणपण आहे, ते आधी मान्य केले पाहिजे. सामान्य माणसाने प्रत्येक पक्षाचा जाहीरनामा वाचावा, कररचनेची तुलना करावी, परराष्ट्र धोरणाचा अभ्यास करावा आणि मग मत द्यावे, ही अपेक्षा कधीच खरी नव्हती. अमेरिकी राज्यशास्त्रज्ञ व्ही. ओ. की यांनी साठच्या दशकात आणि मॉरिस फियोरिना यांनी १९८१ मध्ये मांडलेला मुद्दा असा, की त्याची गरजही नाही. मतदाराने फक्त मागची काही वर्षे कशी गेली ते पाहावे. बरी गेली तर सरकार ठेवावे, वाईट गेली तर बदलावे. दुरुस्ती करणाऱ्याला यंत्राचा अभ्यास लागतो, पण यंत्र चालते की बंद आहे हे सांगायला लागत नाही. १९८० मध्ये रोनाल्ड रेगन यांनी वादसभेत अमेरिकी मतदारांना विचारले की चार वर्षांपूर्वीपेक्षा आज तुमचे बरे चालले आहे का, तेव्हा त्यांनी हा सगळा सिद्धांत एका प्रश्नात बसवला. सरकारला पुढच्या निवडणुकीची धास्ती राहते, म्हणून ते आज काम करते. लोकशाहीतल्या उत्तरदायित्वाचा सगळा भार या धास्तीवर आहे.

पण ही यंत्रणा चालायची तर मतदाराचा हिशेब निदान सरळ हवा. कोणत्या कामाचे किती गुण, कोणाच्या नावावर आणि किती काळ, हे ठरवण्यात तो सातत्याने एकाच बाजूला झुकत असेल, तर सरकारेही त्याच बाजूला झुकतील. पुराचे उदाहरण मला म्हणूनच महत्त्वाचे वाटते. तिथे हा कल नुसता जाणवत नाही, तो मोजता येतो.

आता मोजायचे कसे? श्र्योडर पुरामुळे जिंकले, असे पत्रकार दुसऱ्या दिवशीच म्हणू लागले होते. पण त्याच महिन्यांत त्यांनी इराक युद्धाला ठाम विरोधही जाहीर केला होता आणि तोही लोकप्रिय होता. दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडल्या तर श्रेय कुणाला द्यायचे? मायकेल बेख्टेल आणि येन्स हाइनम्युलर या दोन अभ्यासकांनी २०११ मध्ये यावर साधा पण नेटका मार्ग काढला. इराकचा मुद्दा सगळ्या देशापुढे होता, पूर मात्र काही मतदारसंघांतच आला. म्हणून १९९८ ते २००२ या काळात पूरग्रस्त मतदारसंघांत सत्ताधारी पक्षाच्या मतांचा वाटा किती बदलला ते पाहायचे, कोरड्या मतदारसंघांत किती बदलला तेही पाहायचे आणि दोन बदलांमधला फरक घ्यायचा. जे देशभर सारखे होते ते या वजाबाकीत निघून जाते. उरतो तो पुराचा आणि पुरानंतरच्या मदतीचा परिणाम.

या पद्धतीत एक गृहीत दडलेले असते: पूर आला नसता तर दोन्ही प्रकारच्या मतदारसंघांची वाटचाल सारखीच झाली असती. ते तपासण्याचा उपाय म्हणजे आणखी मागे जाणे. आधीच्या निवडणुकांतही हे दोन गट एकमेकांना समांतर चालले होते का? तसे नसेल तर वजाबाकीला अर्थ नाही. इराकचा विरोध पूर्व जर्मनीत जास्त होता आणि पूरही मुख्यतः पूर्वेत होता, म्हणून पूर्वेतल्या ओल्या भागाची तुलना पूर्वेतल्याच कोरड्या भागाशी करणे अधिक न्याय्य. असे चाळून घेतल्यावरही पूरग्रस्त भागांत सत्ताधारी पक्षाला सुमारे ७ टक्के अधिक मतांचा वाटा मिळाल्याचे दिसले. देशभरात हाच पक्ष ४०.९ वरून ३८.५ टक्क्यांवर घसरत असताना!

या ७ टक्क्यांचे वजन किती, याचा अंदाज घ्यायला मोठे गणित लागत नाही. जर्मनीत २९९ मतदारसंघ. एका मतदारसंघात सरासरी १ लाख ६० हजार मते. त्याचे ७ टक्के म्हणजे ११ हजारांवर. देशभरातली एकूण आघाडी ६,०२७ मतांची असताना एकाच सरासरी पूरग्रस्त मतदारसंघातली कृतज्ञता तिच्या जवळपास दुप्पट भरते. सरकार कोणाचे बनणार हे जागांवर आणि ग्रीन पक्षाच्या कामगिरीवरही अवलंबून होते, त्यामुळे पुराने एकट्याने सरकार वाचवले असे मी म्हणणार नाही. पण पूर नसता तर सर्वात मोठा पक्ष दुसरा असता, एवढे म्हणायला हरकत नाही.

आता मतदारांच्या बाजूने बोलतो. पूरग्रस्तांनी काही छायाचित्राला मत दिले नव्हते. सैन्य हजारोंच्या संख्येने वाळूच्या पिशव्या रचत होते. तातडीची रोख मदत लोकांच्या हातात पडत होती. पुरानंतर कुणाचीही स्थिती आधीपेक्षा वाईट राहू नये, असे चान्सेलर सांगत होते, आणि त्यासाठी पैसा उभा करायला त्यांनी ठरलेली करकपात वर्षभर पुढे ढकलली. करकपात पुढे ढकलणे, तेही निवडणुकीच्या तोंडावर! कुठल्याही सल्लागाराने हे करू नका असेच सांगितले असते. संकटात सरकार हलते की नाही, ही खरीच माहिती आहे आणि ती मतदाराला एरवी मिळत नाही. शांत काळात सगळीच सरकारे सारखी दिसतात. म्हणून मदतीला मत देणे हा भाबडेपणा नाही.

भाबडेपणाचा आरोप ज्या उदाहरणावरून सर्वाधिक होतो ते शार्कचे. जुलै १९१६ मध्ये अमेरिकेतल्या न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर शार्कच्या हल्ल्यांत चार जण दगावले. त्याच वर्षी नोव्हेंबरात राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन पुन्हा उभे होते. ख्रिस्तोफर एकेन आणि लॅरी बार्टेल्स यांनी दाखवले की किनारी भागांत विल्सन यांची मते घटली, आणि त्यावरून निष्कर्ष काढला की लोक सरकारला माशाच्या दातांबद्दलही शिक्षा करतात. गोष्ट इतकी चटकदार की ती सगळीकडे पसरली. पुढे अँथनी फाउलर आणि अँड्र्यू हॉल यांनी अनेक दशकांतले अमेरिकेतले शार्कहल्ले आणि निवडणुका एकत्र तपासल्या. असा परिणाम सर्वसाधारणपणे कुठे दिसला नाही, आणि न्यू जर्सीचा निकालही आकडे जरा वेगळ्या रीतीने मांडले की डळमळतो. एकाच वर्षाच्या, एकाच किनाऱ्याच्या तुलनेवर मतदाराच्या बुद्धीचा निकाल लावू नये, हा माझा त्यातला धडा.

म्हणून मला शार्कपेक्षा पाऊस जास्त विश्वासार्ह वाटतो. शॉन कोल, अँड्र्यू हिली आणि एरिक वर्कर यांनी भारतातल्या राज्यांचा पाऊस, सरकारी मदत आणि निवडणुकांचे निकाल एकत्र ठेवले. हवामान बिघडले की सत्ताधारी पक्षाची मते घटतात, म्हणजे ज्यावर सरकारचा काहीच ताबा नाही त्याची शिक्षा त्याला होते. पण जे सरकार जोमाने मदत करते त्याची शिक्षा थोडी सौम्य होते. आणि तिसरी गोष्ट मला सगळ्यात बोलकी वाटते: निवडणुकीच्या आधीच्या वर्षातला पाऊस आणि त्या वर्षातली मदत, एवढेच मतांत उतरलेले दिसते. त्याच्या आधीच्या वर्षांतला दुष्काळ आणि त्या वर्षांतली मदत हिशेबातून जणू पुसली जाते.

म्हणजे मतदार आंधळा नाही. त्याला प्रतिसाद दिसतो, तो त्याची दखलही घेतो. पण त्याच्या वहीचे शेवटचे पानच तेवढे उघडे असते.

जर्मनीतली कृतज्ञता मात्र या मानाने चिवट निघाली. २००५ च्या निवडणुकीत त्या ७ टक्क्यांपैकी साधारण पाव हिस्सा अजून शिल्लक होता. २००९ पर्यंत तो पूर्णपणे विरला. मदतीच्या राजकारणात याला दीर्घायुष्यच म्हणायचे.

आता त्या दुसऱ्या कामाकडे येतो, जे केल्यामुळे छायाचित्र निघत नाही. अँड्र्यू हिली आणि नील मल्होत्रा यांनी २००९ मध्ये अमेरिकेतल्या काउंट्यांचा असाच अभ्यास केला. संघ सरकार आपत्तीवर दोन प्रकारे खर्च करते. एक, आपत्ती आल्यावरची मदत. दोन, ती येण्याआधीची तयारी: बंधारे, भक्कम इमारती, निचऱ्याची व्यवस्था. मदतीवर खर्च वाढला की राष्ट्राध्यक्षाच्या पक्षाची मते वाढतात. तयारीवर खर्च वाढला तर मतांत काहीच हलत नाही. आणि त्याच अभ्यासात असेही निघाले की तयारीवर घातलेला एक डॉलर पुढच्या काळातले सुमारे १५ डॉलरचे नुकसान वाचवतो.

आता मंत्र्याच्या खुर्चीत बसून हे दोन आकडे पाहा. एक डॉलर आज घातला तर पंधरा वाचतात, पण मते शून्य. तोच डॉलर नंतर मदत म्हणून वाटला तर पंधरा डॉलरचे नुकसान झालेले असते, पण मते मिळतात. तयारी न करणाऱ्या सरकारला दुष्ट असण्याची गरज नाही, हिशेबी असणे पुरते.

ग्रिम्मा गावानेच याचा दाखला दिला. २००२ च्या पुरानंतर गावाला पूरभिंत बांधायचे ठरले. काम सुरू झाले २००७ मध्ये. जुन्या गावाचे रूप बिघडेल, नदी दिसेनाशी होईल म्हणून रहिवाशांतूनच आक्षेप आले, आराखडे बदलले, वेळ गेला. जून २०१३ मध्ये मुल्डे पुन्हा चढली तेव्हा भिंत अर्धवट होती आणि गाव दुसऱ्यांदा बुडाले. भिंत पुरी झाली २०१९ मध्ये, पहिल्या पुरानंतर सतरा वर्षांनी. रहिवाशांची चूक होती असे मला म्हणायचे नाही. घराच्या खिडकीतून नदी दिसणे हे रोजचे सुख आहे, पूर कधीतरीचा. पण ज्या गावात मदतीला कुणी विरोध केला नाही, त्याच गावात तयारीला झाला, हे नोंदवून ठेवण्यासारखे आहे.

श्रेयाच्या नावाचाही घोळ पाहा. जर्मनीच्या घटनात्मक रचनेत शांततेच्या काळातले आपत्तीनिवारण हे राज्यांचे काम. सॅक्सनीत तेव्हा सरकार होते ख्रिश्चन डेमोक्रॅटिक पक्षाचे, म्हणजे केंद्रातल्या विरोधकांचे. मुख्यमंत्री गेओर्ग मिलब्राट हे ग्रिम्मात चान्सेलरांच्या सोबत चालत होते. छायाचित्र एकाचे झाले. सैन्य, तिजोरी आणि कॅमेरे ज्याच्याकडे, श्रेयही त्याच्याकडे गेले. हे उलटही होते: धरण राज्याचे, हवामानखाते केंद्राचे, नाले नगरपालिकेचे असे जिथे असते तिथे नुकसानीची शिक्षा कुणाला द्यायची हे मतदाराला कळेनासे होते, आणि मग जो समोर दिसतो त्याला ती बसते.

इथून सत्ताधाऱ्याच्या मूळ फायद्याकडे यावे लागते. श्र्योडर ग्रिम्मात होते तेव्हा त्यांचे प्रतिस्पर्धी एडमुंड श्टॉयबर यूस्ट नावाच्या बेटावर सुट्टीत होते. त्यांच्यावर टीका झाली. पण ते पहिल्याच दिवशी धावले असते तरी काय घेऊन गेले असते? सैन्य पाठवण्याचा अधिकार नाही, करकपात पुढे ढकलण्याचा अधिकार नाही. विरोधी उमेदवाराकडे गमबूट असू शकतात, सरकार नसते. संकटाच्या काळात सत्ताधारी काम करतो आणि विरोधक फक्त मत व्यक्त करतो.

सत्ताधाऱ्याला खुर्चीमुळे किती फायदा होतो, हे मोजणे दिसते तितके सोपे नाही. अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात पुन्हा उभे राहणाऱ्यांपैकी बहुसंख्य पुन्हा निवडून येतात, हे खरे. पण ते खुर्चीमुळे येतात की मुळातच बरे उमेदवार आहेत, त्यांच्या मतदारसंघात त्यांचा पक्षच बळकट आहे, म्हणून येतात? डेव्हिड ली यांनी २००८ मध्ये यातून वाट काढली. जे अगदी थोड्या मतांनी जिंकले आणि जे अगदी थोड्या मतांनी हरले, त्यांच्यात मूळचा फरक फारसा नसणार, जवळपास नाणेफेकच. मग पुढच्या निवडणुकीत या दोन गटांत जो फरक दिसेल तो खुर्चीचा. तो निघाला मतांच्या वाट्यात सात-आठ टक्क्यांच्या आसपास. पुढे डेव्हिन कॉही आणि जसजीत सेखों यांनी दाखवले की अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात या काठावरच्या लढतीही पुरत्या नाणेफेकीसारख्या नव्हत्या. ज्यांच्याकडे आधीच पैसा आणि पद होते तेच काठावरून जास्त वेळा तरले. त्यामुळे आकडा थोडा कमी-जास्त धरावा, पण दिशा तीच राहते.

मजा अशी की हीच पद्धत भारतातल्या विधानसभांना लावली तेव्हा चिन्ह उलटले. योगेश उप्पल यांच्या २००९ मधल्या अभ्यासात काठावर जिंकलेल्या उमेदवाराला पुढच्या वेळी जिंकण्याची शक्यता काठावर हरलेल्यापेक्षा कमी दिसली. ‘अँटी-इन्कम्बन्सी’ हा आपल्या चर्चांमधला घासून गुळगुळीत झालेला शब्द निदान इथे पोकळ नाही. ब्राझीलच्या महापौरांबाबतही मार्को क्लाश्न्या आणि रोसियो टिटियुनिक यांना असाच तोटा आढळला. त्यांचे स्पष्टीकरण मला पटते: पक्ष दुबळे असतील आणि महापौराला कायद्यानेच पुन्हा उभे राहता येत नसेल, तर त्याच्या वागण्याला लगाम नसतो, आणि त्याच्या कर्माची शिक्षा त्याच्या पक्षाच्या पुढच्या उमेदवाराला होते. म्हणजे खुर्चीचा फायदा हा काही निसर्गनियम नाही. खुर्ची म्हणजे उजेड. त्या उजेडात मदत दिसली तर मते वाढतात, अपेक्षाभंग दिसला तर घटतात.

उजेडाचा दुसरा पुरावाही जर्मनीतच मिळतो. जुलै २०२१ मध्ये पश्चिम जर्मनीत महापूर आला, १८० हून अधिक माणसे गेली. नॉर्थ ऱ्हाइन-वेस्टफालियाचे मुख्यमंत्री आर्मिन लाशेट हेच तेव्हा चान्सेलरपदाचे उमेदवार होते. पूरग्रस्त एर्फ्टश्टाटमध्ये राष्ट्राध्यक्ष बोलत असताना मागे उभे असलेले लाशेट हसताना कॅमेऱ्यात पकडले गेले. सप्टेंबरात त्यांच्या आघाडीला २४.१ टक्के मते मिळाली, तोवरची सर्वात कमी. त्या हसण्यानेच ते हरले असे म्हणणे शार्कच्या गोष्टीइतकेच उथळ ठरेल; सोळा वर्षांच्या सत्तेचा थकवा होता, इतरही बरेच होते. पण त्या राज्यात धोक्याचे इशारे लोकांपर्यंत का पोचले नाहीत या प्रश्नापेक्षा ते काही सेकंदांचे हसू जास्त वेळा दाखवले गेले, असे मला वाटते.

मग करायचे काय? मतदारांना शहाणे करा, असे उत्तर नेहमी दिले जाते. मला ते निरुपयोगी वाटते. न आलेला पूर कुणालाच दिसत नाही, कितीही शिकलेल्या माणसाला दिसत नाही. जी गोष्ट घडलीच नाही तिच्याबद्दल कृतज्ञ राहण्याची शिकवण देता येत नाही. बदलायचे तर मतदाराच्या डोळ्यांपुढे काय येते ते बदलले पाहिजे.

याचे सर्वात चांगले उदाहरण भ्रष्टाचाराच्या क्षेत्रातले आहे. ब्राझीलने २००३ मध्ये सोडत काढून नगरपालिका निवडायला आणि त्यांचे हिशेब केंद्रीय लेखापरीक्षकांकडून तपासून अहवाल जाहीर करायला सुरुवात केली. सोडत असल्यामुळे कुणाचा अहवाल २००४ च्या निवडणुकीआधी आला आणि कुणाचा नंतर, हे निव्वळ योगायोगावर ठरले. क्लाउडिओ फेराझ आणि फ्रेडरिको फिनान यांनी त्याचाच वापर केला. जिथे किमान दोन गैरव्यवहार निघाले आणि अहवाल निवडणुकीआधी जाहीर झाला, तिथे महापौर पुन्हा निवडून येण्याची शक्यता सुमारे ७ टक्क्यांनी घटली. स्थानिक रेडिओ केंद्र होते तिथे परिणाम आणखी मोठा. आणि जिथे अहवाल स्वच्छ निघाला, तिथे त्याच रेडिओने महापौराला फायदाही करून दिला.

पण याला मर्यादा आहेत, त्या लपवू नयेत. पुढे वेगवेगळ्या देशांत समन्वयाने प्रयोग झाले. त्यांत मतदारांना आपल्या प्रतिनिधीच्या कामगिरीची माहिती थेट दिली गेली, आणि सरासरी परिणाम जवळपास शून्य निघाला. ब्राझीलमध्ये चालले ते इथे का चालले नाही? माझा तर्क असा की पत्रक एकेका माणसाच्या हातात पडते, रेडिओ सगळे एकदम ऐकतात, आणि सगळ्यांनी ऐकले आहे हे प्रत्येकाला ठाऊक असते. शिवाय ब्राझीलमध्ये माहिती प्रयोग करणाऱ्यांकडून आली नव्हती, सरकारच्याच तपास यंत्रणेकडून आली होती. विश्वास कुणाच्या शिक्क्यावर बसतो, याला माहितीइतकेच महत्त्व आहे.

पूर, आग, साथ यांच्या तयारीसाठी याच धर्तीचे काही हवे, असे माझे म्हणणे आहे. मंत्र्याच्या हाताखाली नसलेली यंत्रणा. सोडतीने निवडलेली गावे आणि शहरे, म्हणजे कुणाला लक्ष्य केले असे म्हणता येणार नाही. प्रत्येक ठिकाणी मोजकेच तपासायचे: इशारा देणारी व्यवस्था चालते का, गेल्या वेळी ठरलेले बांधकाम कुठवर आले, रुग्णालयाचे वीजसंच पाण्याच्या पातळीच्या वर आहेत की तळघरात. प्रत्येक कामापुढे कोणत्या स्तरावरच्या कोणत्या खात्याची जबाबदारी, ते ठळक लिहिलेले. आणि जाहीर करण्याची तारीख कायद्याने बांधलेली, मतदानाच्या दोन-तीन महिने आधीची. मतदार शेवटच्याच पानावर पाहतो हे खरे असेल, तर तयारीचा निकाल त्याच पानावर छापावा लागेल.

यावर आक्षेप येईल की सरकारे मग तपासणीपुरतीच तयारी करतील, जसे विद्यार्थी परीक्षेपुरता अभ्यास करतात. करतील. पण इशाऱ्याचे भोंगे तपासणीपुरते चालू झाले तरी ते चालूच असतील, आणि तळघरातला वीजसंच तपासणीच्या भीतीने एकदा वर नेला की कुणी तो परत खाली आणत नाही. खरी अडचण दुसरीच आहे. अशी यंत्रणा उभी करणे हेही तयारीचेच काम आहे, त्यालाही मते पडत नाहीत, आणि ती उभी करायची आहे ती गमबूट घालून जिंकू शकणाऱ्यांनी. ब्राझीलमध्ये ते झाले कारण तपासणार होते केंद्र आणि तपासली जाणार होती नगरपालिका. ज्याने ही पद्धत आणली त्याची स्वतःची वही उघडणार नव्हती. इतरत्रही सुरुवात बहुधा अशीच, वरच्याने खालच्याचे तपासण्यापासून होईल. वरच्याची वही कोण उघडणार, याचे उत्तर मला अजून कुठल्याच देशाच्या कायद्यात समाधानकारक सापडलेले नाही.